टेलिफोन शॉवरची नळी नटाशी गळते तेव्हा

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातलं हे काम. न्हाणीत मिक्सर नळ, त्याच्या पोटाशी खाली तोंड करून अर्ध्या इंचाचा आटा, तिथून एक मीटरची स्टीलची नळी आणि भिंतीवरच्या हुकात टेलिफोन शॉवर. तक्रार साधी होती. घरच्या काकू म्हणाल्या, "वायसर दोनदा बदलला, टेप गुंडायला, पाना लावून आवयला, तरी नयी गयतेच." आवळलं की दोन-चार दिवस बरं, मग पुन्हा नटाखाली धार.

वायसर नवा असतानाही गळती परत येत असेल, तर दोष नुसत्या वायसरात नसून बहुधा नळीच्या पिळात असतो. इथेही तसंच होतं. म्हणून हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते पाहिलं. स्टीलच्या नळीत थेंब जिथे पडतो तिथेच भोक असतं असं नाही. वरचं स्टील हे नुसतं कवच. पाणी आतल्या रबरी किंवा पीव्हीसीच्या बारीक नळीतून जातं. ती आतली नळी वर फाटली, तर पाणी कवचाच्या आतून घरंगळत येतं आणि नळीचा सगळ्यात खालचा जो वळसा असतो तिथून टपकतं. बघणाऱ्याला वाटतं नळी मधोमध फुटली. म्हणून नळ बंद करून नळी, दोन्ही नट आणि शॉवरची मान कोरड्या फडक्याने पुसून घेतली. दोन्ही नटांखाली वर्तमानपत्राच्या कोरड्या पट्ट्या गुंडाळल्या, तिसरी पट्टी खालच्या वळशावर. मग नळ अर्धाच उघडला. कागद ओला झाला की काळा पडतो, त्यामुळे पहिला ओलावा कुठे आला हे चुकत नाही.

नळाकडच्या नटाखालचा कागद आधी भिजला. अर्ध्या मिनिटाने वळशावरचाही भिजला. म्हणजे गळत्या दोन होत्या. एक वायसराच्या तोंडाशी, दुसरी नळीच्या पोटात. घरच्यांनी आजवर पहिलीवरच उपाय केला होता. शॉवरकडचा कागद कोरडा राहिला. तिकडे एक गोष्ट मात्र मुद्दाम पाहावी लागते. प्लास्टिकच्या शॉवरच्या मानेला आट्याच्या मुळाशी केसासारखी चीर गेली असेल, तर तीही नटाची गळती वाटते आणि नवी नळी लावूनही थांबत नाही. ओल्या मानेवर बॅटरीचा उजेड तिरका पाडला की अशी चीर दिसते. इथे मान धड होती.

नळ पूर्ण बंद केल्यावरही शॉवरच्या भोकांतून पाणी ठिबकत राहिलं असतं, तर दोष मिक्सरच्या स्पिंडलचा असता. त्याला नळी बदलून काही उपयोग नसतो.

आता पीळ कसा तयार होतो ते पाहू. नळीचं एक टोक नळाला घट्ट, दुसरं शॉवरला घट्ट. शॉवर हातात घेऊन माणूस पाठ धुतो, डोकं धुतो, आणि हुकात परत ठेवताना तो बहुतेक वेळा एकाच बाजूने फिरवून ठेवतो. रोज अर्धा वेढा धरला तरी आठ दिवसांत चार वेढे नळीत साठतात. बैलाच्या दाव्याला भोवरकडी नसली की दाव्याला पीळ बसून ते आखडतं, अगदी तसंच. नळी चांगली लवचिक असेल तर तो पीळ तिच्या सगळ्या लांबीत वाटला जातो. कडक झाली असेल तर सगळा जोर मानेवर येतो, म्हणजे नटाला लागून जी बोटभर जागा असते तिथे.

नटाची रचना लक्षात घेतली की पुढचं आपोआप कळतं. नट नळीला जोडलेला नसतो. तो नळीच्या टोकाच्या पितळी किंवा नायलॉनच्या तुकड्यावर सैल बसवलेला असतो. त्या तुकड्याला चपटी कॉलर असते. नट आवळला की कॉलर वायसरावर दाबली जाते आणि पाणी अडतं. नळीला पीळ पडला की ही कॉलर वायसरावर घासत फिरू पाहते, वायसराला कुरतडते, आणि पीळ उलट्या बाजूचा असेल तर आपल्यासोबत नटही हळूहळू सैल करते. म्हणून पाना लावला की गळती थांबते आणि दोन-चार दिवसांनी परत येते.

खारपाणपट्ट्यात यात आणखी भर पडते. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर या पूर्णा नदीच्या खोऱ्यात बोअरचं पाणी खारं. ते स्टीलच्या कवचाच्या खोबणीत रोज वाळतं आणि पांढरं मीठ, चुना तिथे धरून बसतात. एकमेकांत सरकणाऱ्या कड्या जखडतात. या घरची नळी हातात घेतली तर मधला वीतभर भाग काठीसारखा ताठ होता. वळत होता तो फक्त नटाजवळ. इथले सगळे वेढे त्या बोटभर जागेतच जिरत होते.

जुनी नळी काढल्यावर तिची मान हेक्सॉ ब्लेडने उभी कापून उघडली. आतली काळी नळी पितळी तुकड्याच्या कडेपासून दोन गव्हाच्या दाण्यांएवढ्या अंतरावर फाटलेली होती, आणि चीर सरळ नव्हती, तिरकी होती. दाबाने फुटलेली नळी लांबीला फाटते. वारंवार वाकवून मोडलेली नळी आडवी तडकते. तिरकी चीर ही पिळाची खूण. शंकाच उरली नाही.

नवी नळी आणताना पहिला प्रश्न लांबीचा. दुकानात एक मीटर आणि दीड मीटर या लांब्या सहज मिळतात, दोन मीटरही मिळते. एक मीटरची बहुधा संडासातल्या जेटसाठी विकली जाते आणि स्वस्त म्हणून न्हाणीतही लागते. इथे नटाची उंची जमिनीपासून ७५ सेंटिमीटर होती आणि हुकाची १५०. नट खाली तोंड करून असतो, म्हणून नळी आधी खाली उतरते, वळते आणि मग हुकापर्यंत चढते. एक मीटरच्या नळीतले ७५ सेंटिमीटर चढण्यातच गेले. उरले २५, म्हणजे खाली उतरायला जेमतेम १२ सेंटिमीटर. शॉवर हातात घेऊन जरा ओढला की नटाच्या तोंडाशीच नळी मुडपते. दीड मीटर घेतली तर खाली उतरायला सुमारे ३७ सेंटिमीटर मिळतात आणि वळशाचं बूड जमिनीपासून ३७-३८ सेंटिमीटरवर, म्हणजे जेमतेम दोन वितींवर राहतं. दोन मीटरची घेतली तर तेच बूड जमिनीपासून १२-१३ सेंटिमीटरवर येतं, बादलीखाली सापडतं, पायात येतं. म्हणून इथे दीड मीटर. आपल्या घरी सुतळी लावून हाच हिशेब करावा. सुतळी नटापासून दोन वीत खाली सोडायची, वळवून हुकापर्यंत न्यायची आणि मोजायची. बसून आंघोळ करणारं म्हातारं माणूस घरात असेल तर सुतळी त्याच्या स्टुलापर्यंतही पुरवून पाहावी.

दुसरा प्रश्न भोवरकडीचा. पाकिटावर फिरत्या नटाचा उल्लेख असतो आणि दुकानदार नट बोटाने फिरवून दाखवतो. त्यावर विश्वास ठेवू नये. सुटा असताना प्रत्येकच नळीचा नट फिरतो, कारण तो सैलच बसवलेला असतो. फिरतं टोक खरं आहे का, हे नट आवळल्यावरच कळतं. आम्ही जुना शॉवर सोबत दुकानात नेला होता. वायसर घालून नळीचं निमुळतं टोक शॉवरवर हाताने घट्ट आवळलं, मग एका हाताने शॉवर धरून दुसऱ्या हाताने नळी पिळली. पहिल्या नळीत पीळ सरळ नळीभर चढला, म्हणजे भोवरकडी नव्हतीच. दुसरीत नट जागेवर राहिला आणि नळी त्यातून गुळगुळीत फिरली. हीच घ्यायची. फिरताना करकर वाजत असेल किंवा अडकत असेल तर तीही परत ठेवावी. आतल्या ओ-रिंगला तेवढी जागा नसते आणि खाऱ्या पाण्यात ती लवकर धरते.

तिसरा प्रश्न धातूचा की प्लास्टिकचा. इथे आमचं मत ठाम आहे, पण ते खारपाणपट्ट्यापुरतंच आहे. चांगल्या पाण्याच्या गावात ३०४ दर्जाच्या स्टीलची, दुहेरी कडीची, आत ईपीडीएम रबर असलेली नळी सगळ्यात टिकाऊ. तिला ओढून पाहिलं तर ती फारशी लांबत नाही आणि मुठीभोवती वळवली तर कड्यांत फट दिसत नाही. एकेरी कडीची नळी ओढली की स्प्रिंगसारखी उघडते. चुंबक लावून ३०४ ओळखता येतं असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. हलकं २०२ स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही. चुंबक जोरात चिकटला तर ते ३०४ नाही एवढंच कळतं. खाऱ्या पाण्यात २०२ वर चहाच्या रंगाचे डाग लवकर येतात.

पण या न्हाणीत स्टील चांगलं घेतलं असतं तरी खोबणीत मीठ साचणारच होतं. म्हणून इथे बाहेरून गुळगुळीत, आत दोऱ्याची जाळी असलेली जाड पीव्हीसीची नळी घेतली. तिला फडकं मारलं की मीठ निघतं, आणि ती लवचिक राहते म्हणून पीळ सगळ्या लांबीत वाटला जातो. चंदेरी पन्नी गुंडाळलेली पातळ नळी मात्र नको. मुठीएवढा वळसा करून पाहावा. नळी तिथे चपटी झाली तर टाकीच्या कमी दाबावर ती पाणी अडवेल. स्लॅबवरची टाकी नळापासून आठ फूट उंच असेल तर दाब जेमतेम पाव किलोचा. एवढ्या दाबाला मुडपलेली नळी स्वतःहून उघडत नाही. पीव्हीसीची मर्यादाही सांगून ठेवतो. सोलरचं कढत पाणी थेट नळीतून जात असेल तर ती नरम पडून मुडपते. तिथे रबर आत असलेली स्टीलचीच नळी घ्यावी आणि मीठ वरचेवर पुसावं.

नट दोन्ही टोकांना पितळेचे पाहिजेत. प्लास्टिकवर चमक चढवलेला नट दिसायला तसाच असतो, पण हातात हलका लागतो आणि आतून आटे पांढरे किंवा काळे दिसतात. पितळेचे आतून पिवळे. प्लास्टिकचा नट पान्याच्या एका जोरात उभा चिरतो.

जुनी नळी काढताना खरा धोका नळीला नसतो, भिंतीला असतो. मिठाने धरलेल्या नटाला पाना लावून झटका दिला की नट राहतो जागेवर आणि अख्खा मिक्सर भिंतीतल्या निप्पलवर फिरतो. ती गळती मग भिंतीच्या आत सुरू होते आणि टाइल्स फोडल्याशिवाय बंद होत नाही. म्हणून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नटाभोवती गुंडाळून अर्धा तास ठेवलं. व्हिनेगर नसेल तर लिंबू-फुलाचं पाणी चालतं. संडास धुण्याचं ॲसिड लावू नये, ते क्रोम आणि पितळ दोन्ही खातं. अर्ध्या तासाने एका हाताने मिक्सर घट्ट धरला, नटावर फडकं ठेवून दुसऱ्या हाताने स्क्रू पाना लावला. पाइप पाना इथे वापरायचा नाही, त्याचे दात नट चेपतात. दिशा मात्र नीट पाहावी. नट खाली तोंड करून असतो, म्हणून मान वाकवून खालून वर बघायचं आणि तिथून घड्याळाच्या उलट फिरवायचं. वरून बघणारा माणूस नेमकं उलट आवळतो.

नट निघाल्यावर मिक्सरच्या तोंडाशी काय दिसलं ते सांगण्यासारखं आहे. आट्यांवर टेफलॉनचे आठ-दहा वेढे होते आणि तोंडाच्या सपाट कडेला एक जुना, काळा, चपटा झालेला वायसर चिकटून होता. घरच्यांनी घातलेला नवा वायसर त्यावरच बसत आला होता. दोन वायसर एकावर एक बसले की मधून पाणी वाट काढतंच. टेफलॉनचंही तसंच. या जोडात पाणी आट्यांनी अडत नाही, वायसराने अडतं. टेप फार झाली की नट पूर्ण चढत नाही आणि कॉलर वायसराला नीट दाबत नाही. वर टेपचे धागे तुटून शॉवरच्या भोकांत अडकतात ते वेगळंच. सगळी टेप खरवडून काढली, जुना वायसर बांबूच्या काडीने उचलला. चाकूने उचलला असता तर पितळी कडेला ओरखडा पडला असता. कड नखाने चाचपली. नख कुठे अडलं नाही, म्हणजे कड सपाट होती. कड मिठाने खड्ड्याखड्ड्यांची झाली असेल, तर सोबतच्या पातळ कडक वायसराऐवजी तीन मिलिमीटर जाडीचा नरम रबरी वायसर टाकावा. तो खड्ड्यात बसतो. हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाचा शॉवरचा वायसर म्हणून मागितला की मिळतो.

मग बसवणं. सहा कोनी नट नळाकडे, निमुळता नट शॉवरकडे, कारण हुकाची खाच निमुळत्या नटासाठीच असते आणि भोवरकडीही त्याच टोकाला असते. सहा कोनी नटात वायसर बोटाने सपाट बसवला. नट आट्यावर टेकवून आधी उलटा फिरवला. एक हलकासा 'टक्' हाताला लागतो, म्हणजे आट्याचं तोंड सापडलं. तिथून सुलटा फिरवला. हा 'टक्' घेतला नाही तर आटे तिरके चढतात, आणि तिरका चढलेला नट दोन वेढ्यांतच जड होतो. तसं झालं की जोर न लावता काढून पुन्हा सुरू करावं. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने फक्त पाव वेढा. पितळेला एवढंच पुरतं. नट प्लास्टिकचा असता तर पाना लावलाच नसता.

शॉवर जोडण्याआधी नळीचं मोकळं टोक बादलीत धरून अर्धा मिनिट पाणी सोडलं. पहिल्या पाण्याबरोबर मिठाच्या पापुद्र्या आणि टेपचे दोन धागे बादलीत आले. ते शॉवरच्या भोकांत गेले असते.

यानंतर नळी अशीच लोंबती ठेवली, तिला जसं लटकायचं तसं लटकू दिलं, आणि मार्कर पेनने तिच्या पुढच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. शॉवर आवळताना निमुळता नट एका हाताने फिरवला, दुसऱ्या हाताने नळी त्या नटाजवळच धरून ठेवली, म्हणजे नटाबरोबर नळी फिरत नाही. आवळून झाल्यावर रेघ पाहिली. नळाजवळ ती अर्धा वेढा फिरली होती. सहा कोनी नट थोडा ढिला करून नळी रेघेवर आणली आणि पुन्हा आवळला. बसवतानाच एक वेढा पीळ राहिला तर नवी नळीही पहिल्या दिवसापासून मान मोडून लटकते.

तपासणीला पुन्हा कोरड्या कागदाच्या पट्ट्या. पाच मिनिटं पाणी सोडलं, मग शॉवर हातात घेऊन एकाच बाजूने चार पूर्ण वेढे फिरवला. भोवरकडी काम करत असेल तर रेघ सरळ राहते, शॉवर तेवढा फिरतो. इथे रेघ शॉवरकडच्या टोकाला जरा कलली आणि परत आली. कागद तिन्ही ठिकाणी कोरडे. चौथ्या दिवशी सहा कोनी नट पुन्हा हाताने चाचपला, कारण नवा रबरी वायसर दबून किंचित बसतो. केसभर ढिला होता. हातानेच आवळला, पाना लागला नाही.

काकूंना दोनच गोष्टी करायला सांगितल्या. आंघोळ झाली की नळी वरून खाली एकदा फडक्याने पुसायची, मीठ वाळायच्या आत. आणि अधूनमधून रेघेकडे बघायचं. ती दोरीसारखी वळलेली दिसली, तर शॉवर हुकातून काढून हातात वर धरायचा आणि रेघ सरळ होईपर्यंत उलटा फिरवायचा.